१०८ सेकंदांचा हिशेब

एमएचटी-सीईटीच्या केंद्राबाहेर मे महिन्याच्या उन्हात पालक ताटकळत उभे असतात. मुलगा किंवा मुलगी बाहेर आली की पहिला प्रश्न ठरलेला, "कसा गेला?" आणि उत्तरही बरेचदा ठरलेलंच. "गणित सोपं होतं गं, पण वेळच पुरला नाही. शेवटचे दहा-बारा वाचायचेसुद्धा राहिले." आई हळहळते, बाबा गप्प होतात आणि सगळे रिक्षाकडे वळतात. या उत्तरातली खरी खंत मात्र कुणाच्या लक्षात येत नाही. न वाचलेल्या त्या दहा-बारा प्रश्नांत दोन ओळींत सुटणारे तीन-चार तरी असणार. ते राहिले, कारण त्यांच्या वाट्याचा वेळ आधीच्या कुठल्या तरी दोन-तीन प्रश्नांनी खाऊन टाकला होता.

अभियांत्रिकीसाठी ही परीक्षा देणाऱ्यांना तीन तास मिळतात, पण ते सलग नसतात. पहिल्या दीड तासात भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे मिळून १०० प्रश्न, प्रत्येकी एका गुणाचे. दुसऱ्या दीड तासात गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी दोन गुणांचे. पहिले ९० मिनिटं संपेपर्यंत गणिताचा भाग उघडत नाही, त्यामुळे तिकडे वाचवलेली मिनिटं इकडे वापरता येत नाहीत. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. सरासरी काढली तर पहिल्या भागात प्रश्नामागे ५४ सेकंद येतात आणि गणितात १०८.

हा १०८चा आकडा क्लासच्या फळ्यावर पहिल्याच आठवड्यात लिहिला जातो आणि तिथूनच घोळ सुरू होतो. मुलं त्याला प्रत्येक प्रश्नाचा हक्काचा कोटा समजतात. जणू रेशनच्या दुकानात माणशी इतके किलो, तसे प्रश्नाला इतके सेकंद. प्रत्यक्षात पेपरमध्ये १०८ सेकंदांचा असा प्रश्न क्वचितच असतो. काही प्रश्न २० सेकंदांचे असतात, काही पाच मिनिटांचे, आणि सोप्यातून अवघडाकडे अशी त्यांची रांगही लावलेली नसते. सातवा प्रश्न डोकं धरायला लावतो आणि त्रेचाळिसावा तोंडी सुटतो.

शिवाय एकच प्रश्न दोन मुलांना सारखा वेळ घेत नाही. अकरावीच्या त्रिकोणमितीतलं हे उदाहरण पाहा: tan 20° × tan 40° × tan 80° याची किंमत किती? पर्याय समजा १, √३, १/√३ आणि ३. एका मुलीला आठवतं की θ, 60° − θ आणि 60° + θ या तीन कोनांच्या टॅनचा गुणाकार tan 3θ इतका येतो. इथे θ म्हणजे २० अंश, म्हणजे उत्तर tan 60°, अर्थात √३. दहा सेकंद. शेजारच्या मुलाला ते सूत्र आठवत नाही. तो साइन-कोसाइनमध्ये रूपांतर करतो, गुणाकाराचं बेरजेत रूपांतर करतो, मध्ये एक चिन्ह चुकतो, पुन्हा वरून सुरुवात करतो. चार मिनिटं जातात.

तिसरा एक मार्ग आहे, तो पाठ्यपुस्तकात छापलेला नसतो. tan 45° म्हणजे १, तेव्हा tan 40° एकाहून थोडा कमी, साधारण ०.८४. tan 20° हा एक तृतीयांशाहून जरा जास्त, ०.३६च्या आसपास. tan 80° मोठा, साडेपाचच्या पुढे. ढोबळ गुणाकार पावणेदोनच्या जवळ जातो. चार पर्यायांत १.७३ एवढाच त्या शेजारी बसतो. गणिताच्या सरांना ही पद्धत आवडणार नाही, पण चार पर्याय समोर असताना उत्तर शोधायचं नसून ओळखायचं असतं. चाळीस सेकंदांत काम झालं.

याचा अर्थ असा की प्रश्न किती सेकंदांचा आहे हे आधीपासून ठरलेलं नसतं. ते वाचल्यावर कळतं, आणि बऱ्यापैकी लवकर कळतं. प्रश्न एकदा पूर्ण वाचायला गणितात १५ ते २० सेकंद लागतात. तेवढ्यात वाट दिसते किंवा दिसत नाही. वाट दिसणं म्हणजे उत्तर दिसणं नव्हे. पहिली ओळ काय लिहायची आणि तिच्यानंतर काय येईल एवढं दिसलं तरी पुरे. शून्य ते π/2 या सीमांमध्ये √sin x भागिले √sin x अधिक √cos x याचं संकलन विचारलं, तर बारावीचा अभ्यास केलेल्याला x च्या जागी π/2 − x ठेवायचं हे लगेच सुचतं आणि उत्तर π/4 दोन ओळींत येतं. ज्याला ते सुचलं नाही, त्याने वर्गमुळांशी झटापट करून काही निष्पन्न होत नाही. पहिला निर्णय म्हणून विसाव्या सेकंदाच्या आसपास घ्यायचा: आता, नंतर, की शेवटी.

'सोडला' या शब्दाची मुलांना भीती वाटते. सोडला म्हणजे हरलो. शाळेतल्या लेखी परीक्षेची ती सवय आहे. तिथे अर्धवट सोडवलेल्या गणितालाही पायऱ्यांचे गुण मिळत, म्हणून चिकटून राहण्यात शहाणपण होतं. इथे पायऱ्यांना काही मिळत नाही. साडेतीन मिनिटं घाम गाळून शेवटच्या पायरीवर थांबलेल्याला आणि प्रश्नाकडे न पाहणाऱ्याला सारखंच शून्य. तरीही मन मागच्या साडेतीन मिनिटांचा हिशेब धरून बसतं: एवढं केलं, आता कसं सोडू? मग आणखी दोन मिनिटं. बुडत्याचा पाय खोलात, तशी गत. गेलेला वेळ गेलाच आहे. प्रश्न एवढाच उरतो की पुढचं एक मिनिट इथे जास्त कमावेल की पुढच्या, अजून न पाहिलेल्या प्रश्नावर.

हे आकड्यांत मांडून पाहू. समजा गणिताच्या पन्नासपैकी २० प्रश्न एखाद्या मुलाला प्रत्येकी एक मिनिटाचे आहेत, १८ प्रश्न दोन मिनिटांचे आणि १२ प्रश्न चार मिनिटांचे. सगळे सोडवायला १०४ मिनिटं लागतील आणि हातात आहेत ९०. म्हणजे काहीतरी राहणार हे पक्कं. काय राहावं, एवढंच त्याच्या हातात आहे. तो सरळ क्रमाने गेला, तर सोपे-अवघड सगळ्या प्रकारचे थोडे थोडे होऊन वेळ संपेपर्यंत साधारण ४३ प्रश्न होतील. त्यात १७ सोपे, १६ मध्यम आणि १० अवघड. मागे राहिलेल्या सातांत तीन अगदी सोपे असतील आणि ते त्याला कधी दिसणारही नाहीत.

आता तोच मुलगा पहिल्या फेरीत फक्त सोपे आणि मध्यम करतो. अवघड बाराांवर प्रत्येकी वीस सेकंद घालवून पुढे जातो. बरोबर साठ मिनिटांत सगळा पेपर पाहून होतो आणि ३८ प्रश्न झालेले असतात. उरलेल्या तीस मिनिटांतली दोन राखून ठेवली, तरी २८ मिनिटांत अवघडांपैकी सात होतात, तेही त्यातल्या त्यात ओळखीचे वाटणारे. सोप्यांतले नव्वद टक्के बरोबर येतात, मध्यमांतले पंचाहत्तर आणि अवघडांतले चाळीस, असं धरलं आणि उरलेल्यांवर अंदाजाने खूण केली, तर पहिल्या पद्धतीत सुमारे ३३ उत्तरं बरोबर येतात, दुसऱ्या पद्धतीत साडेपस्तीस. फरक अडीच प्रश्नांचा, पाच गुणांचा.

पाच गुण म्हणजे काही चमत्कार नव्हे. वेळेचं तंत्र शिकवून तीस गुण वाढवण्याच्या जाहिराती करणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करून पाहावा. पण अभ्यासात एका अक्षराचीही भर न घालता, त्याच डोक्याने, त्याच दीड तासात मिळणारे पाच गुण आहेत, आणि जिथे पर्सेंटाइलच्या दशांशांवर शाखा आणि कॉलेज बदलतं तिथे ते फुकट घालवण्यासारखे नाहीत. वरच्या उदाहरणात मुलगा कुठे हट्टाला पेटलेला नाही हेही लक्षात घ्यायला हवं. त्याने दोन प्रश्नांवर आठ-आठ मिनिटं घालवली असती, तर सोळा मिनिटं, म्हणजे आठ मध्यम प्रश्न हातचे गेले असते.

विसाव्या सेकंदाचा निर्णय तुलनेने सोपा असतो. अवघड असतो तो दुसरा निर्णय: वाट दिसली, चालायला लागलो आणि मध्येच अडकलो, तर कधी थांबायचं? इथे क्लासवाले 'दोन मिनिटं' असा सरसकट नियम देतात. नियम नसण्यापेक्षा तो बरा, पण खरी सीमा ज्याची त्याला स्वतःच्या सराव परीक्षांतून काढता येते, आणि ती काढणारी मुलं फार कमी दिसतात.

पद्धत साधी आहे. सराव पेपर सोडवताना प्रत्येक प्रश्नाला लागलेले सेकंद टिपायचे. संगणकावरच्या बहुतेक चाचण्या हे आपोआप नोंदवतात. घरी कागदावर सोडवताना भाऊ किंवा बहीण मोबाइलवरच्या स्टॉपवॉचचे लॅप दाबत बसली तरी भागतं. मग उत्तरतालिका घेऊन प्रत्येक आकड्यासमोर बरोबर की चूक ते लिहायचं. बहुतेकांची नजर चुकलेल्या प्रश्नांच्या धड्यांकडे जाते. इथे नजर ठेवायची ती जास्त वेळ घेतलेल्या प्रश्नांवर.

समजा एका मुलीच्या नोंदीत अडीच मिनिटांहून जास्त वेळ घेतलेले नऊ प्रश्न निघाले. त्या नवांवर मिळून २८ मिनिटं गेली आणि त्यातले तीन बरोबर आले. तीन बरोबर म्हणजे सहा गुण, वाईट काय? पण हे नऊ प्रश्न तिने डोळे मिटून ठोकले असते, तरी चार पर्यायांच्या हिशेबाने सरासरी सव्वादोन बरोबर आलेच असते, म्हणजे साडेचार गुण. २८ मिनिटांच्या मेहनतीची खरी कमाई दीड गुण. एकूण वेळेचा जवळजवळ तिसरा हिस्सा, आणि कमाई एका प्रश्नाइतकीही नाही. तिच्याच नोंदीत दीड ते अडीच मिनिटांच्या पट्ट्यातल्या बारांपैकी आठ बरोबर असतील, तर तिची सीमा अडीच मिनिटांवर आहे हे दिसतं. दुसऱ्या एखाद्याची तीन मिनिटांवर निघेल. तो सावकाश पण न चुकता आकडेमोड करणारा असेल. तिसऱ्याची पावणेदोनवरच. एका पेपरवरून हे ठरवू नये, कारण नऊ प्रश्नांत नशिबाचा भाग मोठा असतो. पाच-सहा पेपरांच्या नोंदी एकत्र केल्या की आकडा स्थिरावतो.

या सीमेला एक अपवाद असतो. शेवटची आकडेमोडच उरली असेल, म्हणजे समीकरण तयार आहे आणि फक्त भागाकार करायचा आहे, तर अर्धं मिनिट जास्त द्यायला हरकत नाही. 'होईलच आता' आणि 'आता फक्त भागायचंय' यांतला फरक मात्र स्वतःशी प्रामाणिक राहून करावा लागतो.

पहिल्या भागाची गोष्ट वेगळी. तिथे भौतिक आणि रसायन यांना मिळून ९० मिनिटं असतात आणि वाटणी विद्यार्थ्याने करायची असते. रसायनशास्त्रातले बरेच प्रश्न पाठ्यपुस्तकातल्या ओळीवरचे असतात: अमुक धातूचं खनिज कोणतं, तमुक अभिक्रियेचं नाव काय. आठवलं तर पंधरा सेकंदांत, नाही आठवलं तर पंधरा मिनिटांतही नाही. अशा प्रश्नापुढे डोळे मिटून बसण्यात अर्थ नसतो. रसायनाचा सरासरी वेग अर्ध्या मिनिटावर राखता आला तर ते २५ मिनिटांत संपतं आणि भौतिकशास्त्राला ६५ मिनिटं, म्हणजे प्रश्नामागे ७८ सेकंद उरतात. ५४ सेकंदांच्या तुलनेत ही चैनच. म्हणून पुष्कळ मुलं भौतिकशास्त्र आधी दिसत असलं तरी रसायन आधी उघडतात.

सोडण्यालाही खर्च असतो, ही गोष्ट मात्र 'बिनधास्त स्किप करा' म्हणणारे सांगत नाहीत. सोडलेल्या प्रश्नाकडे परत आलं की तो पुन्हा वाचावा लागतो, आकृती पुन्हा काढावी लागते. पंचवीस प्रश्न सोडून पुढे गेलेल्या मुलाने आठ-नऊ मिनिटं फक्त दुसऱ्यांदा वाचण्यावर खर्च केलेली असतात. पहिल्या फेरीत निम्मा पेपर मागे पडत असेल, तर एकतर पेपर सगळ्यांनाच अवघड आहे किंवा मुलगा घाबरून बरे प्रश्नही टाळतो आहे. सराव परीक्षेनंतर हे ओळखायची खूण आहे: सोडलेले प्रश्न घरी निवांत सोडवून पाहायचे. त्यातले बरेचसे दोन मिनिटांत सुटले, तर सोडण्याचा हात जरा सैल आहे.

हा खर्च कमी करायचा तर कच्च्या कागदावर शिस्त लागते. केंद्रावर मिळालेल्या कोऱ्या कागदावर मुलं जागा दिसेल तिथे आकडे मांडतात. मग परत आल्यावर कुठली आकडेमोड कुठल्या प्रश्नाची हेच सापडत नाही. प्रश्नाचा क्रमांक लिहून, त्याला गोल करून, खाली एक रेघ मारायची. सोडताना जिथवर पोचलो ती ओळ तशीच ठेवायची आणि चुकीचे म्हणून कळलेले पर्याय शेजारी खोडून ठेवायचे. "२३: अ, ड नाही" एवढं लिहिलेलं असलं, तरी शेवटी उरलेल्या दोनांतून निवडताना शक्यता पावऐवजी निम्मी होते.

पडद्यावरही एक गोम आहे. संगणकाधारित परीक्षांत प्रश्नाला पुनर्विलोकनाची खूण करायचं बटण असतं, Mark for Review नावाचं. उजवीकडच्या क्रमांकांच्या चौकटीत असे प्रश्न वेगळ्या रंगात दिसतात. पर्याय न निवडता नुसती खूण केली आणि परत जायला वेळ मिळाला नाही, तर तो प्रश्न कोराच राहतो. उत्तर निवडून मग खूण केली तर ते तपासणीत धरलं जाईल, असं जेईई मेनच्या सूचनांत स्पष्ट लिहिलेलं असतं. जी परीक्षा द्यायची तिच्या सूचनांच्या पानावर ही ओळ शोधून ठेवावी. सीईटीत गुण कापले जात नसल्यामुळे सोडतानाच सगळ्यात बरा वाटणारा पर्याय निवडून पुढे जाणं केव्हाही फायद्याचं. परत येता आलं तर बदलता येतं, नाही आलं तर काहीतरी खात्यावर आहे.

गुण कापणाऱ्या परीक्षांत हे गणित बदलतं, पण लोकांना वाटतं तेवढं नाही. नीटमध्ये बरोबर उत्तराला चार गुण मिळतात आणि चुकल्यास एक जातो. चार प्रश्न निव्वळ अंदाजाने सोडवले तर सरासरी एक बरोबर, तीन चूक: चार मिळाले, तीन गेले, हाती एक. म्हणजे आंधळा अंदाजही सरासरीने तोट्यात नाही, पण एवढ्या छोट्या फायद्यासाठी दहा-वीस प्रश्नांचा जुगार खेळला तर एखाद्या दिवशी तो अंगाशी येऊ शकतो. यूपीएससीच्या पूर्वपरीक्षेत एक तृतीयांश गुण कापतात, तिथे आंधळ्या अंदाजाची सरासरी शून्यावर येते. बँकांच्या परीक्षांत पाच पर्याय आणि पाव गुणांची कपात, तिथेही शून्यच. या सगळीकडे एक पर्याय जरी खात्रीने खोडता आला, तरी पारडं उत्तर देण्याच्या बाजूला झुकतं.

यूपीएससीच्या पहिल्या पेपरात १०० प्रश्नांना १२० मिनिटं, म्हणजे ७२ सेकंद मिळतात. तिथे वेळ पुरतो, माहिती पुरत नाही. म्हणून त्या परीक्षेत प्रश्न सोडतात ते गुण वाचवायला आणि सीईटीत सोडतात ते वेळ वाचवायला. शब्द एकच असल्यामुळे एका परीक्षेच्या तयारीतला सल्ला दुसरीला लावला जातो आणि सीईटी देणारी मुलं कारण नसताना रकाने कोरे ठेवून येतात.

सीईटीसारख्या पेपरातली शेवटची मिनिटं वेगळ्याच जातीची असतात. १९९७ साली डेबोरा श्निप्के आणि डेव्हिड स्क्रॅम्स या अमेरिकी संशोधकांनी संगणकावर घेतलेल्या परीक्षेतल्या प्रत्येक उत्तराच्या वेळा तपासल्या. पेपरच्या शेवटाकडच्या प्रश्नांत त्यांना दोन स्पष्ट गट दिसले. एका गटातली उत्तरं नेहमीसारखा वेळ घेऊन दिलेली, दुसऱ्यातली वाचायलाही पुरणार नाही इतक्या कमी सेकंदांत दिलेली. त्या दुसऱ्या गटातल्या उत्तरांची अचूकता अंदाजाच्या पातळीवरच होती. केंद्राबाहेरचं "वाचायचेसुद्धा राहिले" हे वाक्य आकड्यांत असं दिसतं.

म्हणून घड्याळाकडे दर प्रश्नाला बघण्यापेक्षा दोन-तीन ठिकाणीच बघणं पुरतं. गणिताच्या भागात अर्ध्या तासाला पंचविसाव्या प्रश्नाच्या आसपास आणि तासाभरात पन्नासाव्यापर्यंत डोळ्यांखालून गेलेलं असलं, तर पहिली फेरी वेळेत आहे. पंचविसावा चाळिसाव्या मिनिटाला आला, तर विसाव्या सेकंदाचा निर्णय जरा कडक करावा लागतो. दुसऱ्या फेरीला पंचवीस-अठ्ठावीस मिनिटं. शेवटची दोन-तीन मिनिटं नवा प्रश्न हातात घ्यायचा नाही. चौकटीत कोरे क्रमांक शोधायचे, कच्च्या कागदावर खोडलेले पर्याय पाहायचे आणि उरलेल्यांतला एक निवडायचा. जिथे काहीच खोडलेलं नाही तिथे कोणताही चालतो. 'काही सुचलं नाही तर सी' ही पिढ्यानुपिढ्या चालत आलेली श्रद्धा आहे. तिने नुकसान होत नाही आणि फायदाही होत नाही, पण विचार करण्यात जाणारे सेकंद वाचतात. नव्वदावं मिनिट संपलं की पेपर आपोआप बंद होतो. शेवटचं बटण दाबायची घाई कुणी करू नये, ते काम संगणक स्वतःच करतो.